देवाला आवडते म्हणून चांगले, की चांगले म्हणून देवाला आवडते?

नॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावर अथेन्सच्या एका कुटुंबाची शेती होती. तिथे राबणाऱ्या एका मजुराने दारूच्या नशेत घरातल्या गुलामाशी भांडण काढले आणि त्याचा गळा चिरला. घरमालकाने मजुराचे हातपाय बांधले, त्याला एका चरात टाकले आणि पुढे काय करायचे हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. तिथे धर्मनियमांचा अर्थ सांगणारे अधिकारी असत आणि अशा प्रसंगी त्यांचा शब्द घ्यायची रीत होती. चरातल्या माणसाकडे मात्र कोणी फिरकले नाही. खुनीच तो, मेला तरी काय बिघडले, असा मालकाचा विचार होता. भुकेने, थंडीने आणि आवळलेल्या दोरांनी तो मेला. अथेन्सला गेलेला माणूस तोवर परतलेला नव्हता.

या मालकाच्या मुलाचे नाव युथिफ्रो. भविष्य सांगणारा, देवाधर्माचा जाणकार म्हणवणारा. त्याने स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरला. घरचे सगळे त्याच्यावर उलटले. बापाने काही मारले नाही, मारले असते तरी मेलेला स्वतः खुनी होता, आणि मुलाने बापाला कोर्टात खेचणे हे पाप आहे, असे त्यांचे म्हणणे. युथिफ्रो म्हणत होता की पाप कशाला म्हणतात हे त्यांना कळतच नाही, मला कळते.

इ.स.पू. 399 मध्ये तो न्यायाधिकाऱ्याच्या ओसरीपाशी आला तेव्हा तिथे त्याला सॉक्रेटिस भेटला. सॉक्रेटिसवर देवद्रोहाचा आरोप ठेवलेला होता. त्याच वर्षी त्याला मृत्युदंड झाला. प्लेटोने या दोघांचे संभाषण लिहिले आणि त्याला युथिफ्रोचेच नाव दिले. त्यातला एक प्रश्न आज चोवीसशे वर्षांनंतरही ईश्वर आणि नीती यांच्याविषयीच्या प्रत्येक वादात पुन्हा उभा राहतो.

सॉक्रेटिसने विचारले ते साधेच होते. पुण्य म्हणजे काय ते मला सांग, म्हणजे तुझ्या खटल्यासाठी आणि माझ्याही खटल्यासाठी उपयोग होईल. युथिफ्रो आधी म्हणाला, मी आत्ता करतोय ते पुण्य. झ्यूसने नाही का आपल्या बापाला, क्रोनसला, बांधून घातले? सॉक्रेटिसला उदाहरण नको होते, लक्षण हवे होते. मग युथिफ्रो म्हणाला, देवांना आवडते ते पुण्य. त्यावर सॉक्रेटिसने आठवण करून दिली की तुमच्या कथांमधले देव आपापसात भांडतात. झ्यूसला आवडलेली गोष्ट क्रोनसला आवडणार नाही, मग एकच कृत्य पुण्यही ठरेल आणि पापही. युथिफ्रोने दुरुस्ती केली: सगळ्या देवांना जे आवडते ते पुण्य.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुष्कळांना वाटते की हा पेच अनेक देव मानणाऱ्यांचा आहे, एकच देव मानला की तो सुटतो. पण भांडणाऱ्या देवांचा मुद्दा या दुरुस्तीने निकालात निघतो आणि खरा प्रश्न त्यानंतर येतो. सगळे देव एकमताने बोलतात असे धरा, किंवा देव एकच आहे असे धरा. आता सॉक्रेटिस विचारतो: पुण्य हे पुण्य आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ते पुण्य ठरते?

युथिफ्रोला आधी हा प्रश्नच कळत नाही, आणि पहिल्या वाचनात तो कोणालाच नीट कळत नाही. सॉक्रेटिस त्याला वाहिल्या जाणाऱ्या वस्तूचे उदाहरण देतो. आपण त्या जागी पालखी घेऊ. पालखी वाहिली जाते आणि भोई ती वाहतात, ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण ‘म्हणून’ कुठे बसतो ते पाहा. भोई वाहतात म्हणून पालखी वाहिली जाते, हे बरोबर. पालखी वाहिली जाते म्हणून भोई ती वाहतात, हे उलटे आणि निरर्थक. आवडण्याचेही तसेच आहे. देवांना एखादी गोष्ट आवडते म्हणून ती त्यांची आवडती होते. ‘आवडती असणे’ हा गुण आवडण्यातून येतो, आवडण्याच्या आधी तो त्या वस्तूत नसतो.

आता पुण्याकडे या. देवांना पुण्य का आवडते, असे विचारल्यावर युथिफ्रो म्हणतो, ते पुण्य आहे म्हणून. हे तो मनापासून म्हणतो, कारण देव उगाच काहीही पसंत करतात असे त्याला म्हणायचे नाही. पण एवढे मान्य केले की त्याची व्याख्या कोसळते. पुण्यपणा आवडीच्या आधीचा ठरला आणि आवडतेपणा आवडीनंतरचा, तर दोन्ही एकच कसे असतील? पुण्याचे काय होते ते तू सांगितलेस, पुण्य आहे तरी काय ते सांगितले नाहीस, असे सॉक्रेटिस त्याला म्हणतो.

चांगले-वाईट हे ईश्वराच्या इच्छेने किंवा आज्ञेनेच ठरते, या मताला ईश्वराज्ञावाद म्हणतात. त्याची दोन गोष्टींशी नेहमी गल्लत होते. एक म्हणजे ‘देवाच्या भीतीनेच माणूस सरळ वागतो’ हे म्हणणे. ते माणसाच्या मनाबद्दल आहे, चांगुलपणा कशाने बनतो याबद्दल नाही. दुसरे म्हणजे ‘चांगले काय ते धर्मग्रंथामुळे कळते’ हे म्हणणे. ते आपल्या ज्ञानाबद्दल आहे. थर्मामीटरमुळे ताप आहे हे कळते, पण थर्मामीटरने ताप येत नाही. ईश्वर हा नीतीच्या बाबतीत कधीही न चुकणारा थर्मामीटर आहे असे कोणी मानले, तर तो ईश्वराज्ञावादी नव्हेच. चांगुलपणा ईश्वराहून स्वतंत्र असल्याचे त्याने मान्यच केले. आज्ञावादी म्हणतो की पारा चढला म्हणूनच ताप आला.

इतके कडक मत कोणी खरोखर मांडले का? मांडले, आणि मोठ्या बुद्धीच्या माणसांनी मांडले. बसऱ्यात जन्मलेला अल-अशअरी हा दहाव्या शतकातला मुस्लिम धर्मचिंतक आधी मुअतझिला पंथात वाढला. त्या पंथाचे म्हणणे होते की खोटे बोलणे किंवा जुलूम करणे वाईट आहे हे बुद्धीला स्वतंत्रपणे कळते आणि ईश्वरही न्यायानेच वागतो. चाळिशीच्या सुमारास अशअरीने तो पंथ सोडला. खोटे बोलणे वाईट आहे ते ईश्वराने वाईट ठरवले म्हणून, त्याने उलट आज्ञा दिली असती तर त्यात वाईट काही राहिले नसते, असे त्याने स्पष्ट लिहिले. चौदाव्या शतकात इंग्लंडच्या विल्यम ऑफ ऑकमने ख्रिस्ती चौकटीत जवळपास तेच टोक गाठले. ईश्वराने स्वतःचा द्वेष करण्याची आज्ञा दिली तर तो द्वेषही योग्य ठरेल, इथपर्यंत तो गेला.

हे लोक निष्ठुर नव्हते. त्यांची काळजी वेगळी होती. ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर त्याच्या डोक्यावर आणखी कुठला नियम कसा असेल? ‘अमुक न्याय्य आहे म्हणून ईश्वराला ते करावे लागते’ असे म्हणताच ईश्वर त्या न्यायाचा ताबेदार होतो. हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. ज्याला असा ईश्वर मानायचाच नाही त्याला तो जाणवणार नाही, पण मानणाऱ्याला टाळताही येणार नाही.

तरीही या वाटेने गेल्यास एक मोठी किंमत द्यावी लागते. ती जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझने 1686 साली नेमकी दाखवली. तो स्वतः श्रद्धावान होता आणि त्याची तक्रारही श्रद्धावानाचीच होती. ईश्वर चांगला आहे असे आपण म्हणतो, त्याची स्तुती करतो. पण चांगले म्हणजे ईश्वराची इच्छा एवढाच अर्थ असेल, तर ‘ईश्वर चांगला आहे’ या वाक्यात ‘ईश्वर स्वतःच्या इच्छेप्रमाणे वागतो’ याहून जास्त काहीच उरत नाही. हे तर कोणत्याही हुकूमशहाबद्दल म्हणता येईल. आणि याच्या उलट केले असते तरी ईश्वर तितकाच स्तुत्य ठरला असता, तर आत्ता त्याने जे केले त्याची स्तुती कशासाठी? भजनात ‘कृपाळू’ म्हटले काय आणि ‘निर्दय’ म्हटले काय, आज्ञावादात दोन्ही शब्दांमागे ईश्वराचे असे काही उरत नाही ज्यामुळे एक खरा आणि दुसरा खोटा ठरावा.

दुसरी किंमत व्यवहारातली आहे. अब्राहमला ईश्वराने मुलाचा बळी द्यायला सांगितले, ही कथा यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही परंपरांत आहे. कथेत शेवटी मुलगा वाचतो. पण सुरी उचलली त्या क्षणी ते कृत्य योग्य होते का? आज्ञावादाचे उत्तर ‘हो’ असेच असावे लागते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1798 च्या एका पुस्तकाच्या तळटिपेत अब्राहमने काय उत्तर द्यायला हवे होते ते लिहिले आहे. त्याचा आशय असा: माझ्या चांगल्या मुलाला मी मारू नये हे मला पक्के ठाऊक आहे, पण मला दिसणारा तू ईश्वर आहेस हे मला तितके पक्के ठाऊक नाही, आणि हा आवाज आकाशातून घुमला तरी ते पक्के होणार नाही. कांट इथे आवाज पारखण्याची कसोटी देतो आणि ती कसोटी आवाजाच्या बाहेरची आहे. देवाच्या नावाने आलेला कोणताही हुकूम ‘देव असे सांगणारच नाही’ असे म्हणून जो नाकारतो, तो हीच कसोटी वापरत असतो. म्हणजे त्याच्यापुरता तरी चांगुलपणा हुकुमाच्या आधी आलेला असतो.

मग मधली वाट नाही का? आहे, आणि आज बहुतेक ईश्वराज्ञावादी तिथेच उभे आहेत. ते म्हणतात, चांगुलपणा ईश्वराच्या लहरीत नाही आणि ईश्वराबाहेरही नाही. तो ईश्वराच्या स्वभावात आहे. ईश्वर मुळातच प्रेमळ आणि न्यायी आहे, म्हणून तो क्रूर आज्ञा देणारच नाही. यासाठी पॅरिसजवळ ठेवलेल्या मीटरपट्टीचा दाखला दिला जातो. 1889 पासून 1960 पर्यंत मीटर म्हणजे काय, याचे उत्तर तिथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दांडा असे होते. बाकी सगळ्या पट्ट्या मीटरभर आहेत की नाहीत हे त्याच्याशी ताडून ठरत असे. तो दांडा स्वतः मीटरभर का, हा प्रश्नच लागू होत नव्हता. तसा ईश्वर हा चांगुलपणाचा मूळ दांडा आहे, असे म्हणायचे.

दाखला सुरेख आहे, पण तो जिथे लंगडतो तिथेच जुना प्रश्न परत येतो. त्या दांड्याला कोणी लांबीबद्दल वाखाणले नाही. तो थोडा आखूड असता तर मीटर आखूड झाला असता आणि जगाचे काही बिघडले नसते. ईश्वराच्या स्वभावाबद्दल आपल्याला असे म्हणायचे आहे का? तो स्वभाव क्रूर असता तर क्रौर्य हेच चांगले झाले असते का? ‘त्याचा स्वभाव तसा असूच शकत नाही’ हे उत्तर मिळते. का नाही, हे विचारल्यावर ‘कारण तो सर्वश्रेष्ठ आहे’ असे म्हटले, तर श्रेष्ठ कशाला म्हणायचे हे आपण आधीच ठरवून बसलो. प्रेमामुळे ईश्वराचा स्वभाव चांगला, की ईश्वराच्या स्वभावात आहे म्हणून प्रेम चांगले? ‘म्हणून’ पुन्हा दोन्हीकडे ओढला जातो. काही जण इथे थांबून म्हणतात की स्पष्टीकरणाची साखळी कुठेतरी संपणारच, ती ईश्वरापाशी संपू दे. हे प्रामाणिक उत्तर आहे. फक्त मग दुसरा कोणी ती साखळी ‘वेदना देणे वाईट’ यापाशी संपवत असेल तर त्याला अडवता येत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्सने या वादात एक उपयोगी फोड केली. चांगले असणे आणि बंधनकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे गाडी डावीकडून चालवतात. डाव्या बाजूत स्वतःचे असे काही चांगले नाही, उजवीकडून चालवणारे देशही सुखात आहेत. पण नियम झाल्यावर डावीकडून चालवणे हे कर्तव्य होते, आणि ते मोडणे चूक. आज्ञा कर्तव्य निर्माण करू शकते ती अशी. अमुक दिवशी उपवास, अमुक दिशेला तोंड करून प्रार्थना, आठवड्यातला अमुक दिवस विश्रांतीचा, ही कर्तव्ये श्रद्धावानासाठी खरोखरच आज्ञेतून जन्मतात, आणि त्यात मला काहीच विसंगत दिसत नाही. अ‍ॅडम्स आणखी पुढे जातो. सगळेच कर्तव्य प्रेमळ ईश्वराच्या आज्ञेतून येते, असे तो मानतो. पण त्याचा सगळा भार ‘प्रेमळ’ या शब्दावर आहे, हे त्यालाही माहीत आहे. वाहतुकीच्या नियमालासुद्धा पाळण्यासारखे करते ते म्हणजे माणसे चिरडून मरू नयेत ही गोष्ट, आणि ती कोणत्याही वाहतूक खात्याने ठरवलेली नाही.

हा सगळा वाद आज्ञा देणारा कोणी आहे असे धरून चालला. आपल्याकडच्या मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, तो वेगळ्याच जागी नेला आणि मला तो भाग सर्वात विलक्षण वाटतो. त्यांचा सूत्रकार जैमिनी याचे सूत्र आहे, ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’. चोदना म्हणजे वेदातली प्रेरणा देणारी आज्ञा; तिच्यामुळे कळतो तो अर्थ, म्हणजे हितकर गोष्ट, हा धर्म. पण मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. ते माणसाने रचलेले नाहीत आणि ईश्वरानेही नाहीत. म्हणजे आज्ञा आहे, आज्ञा देणारा नाही. ‘कोणाच्या लहरीवर?’ हा प्रश्न इथे विचारताच येत नाही, कारण लहर असलेला कोणी नाहीच. (वाईच्या प्राज्ञ पाठशाळेतून केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश निघाला, मराठी मुलखात हा विचार इतक्या जवळ जपलेला आहे.)

तरी पेच चुकत नाही, आणि तो मीमांसकांना स्वतःलाच दिसला. वेदात श्येनयाग नावाचा एक विधी सांगितला आहे. शत्रूला मारण्यासाठी करायचा तो अभिचार. आज्ञेचा शब्द वेदाचाच आहे, मग श्येनयाग हा धर्म झाला का? भाष्यकार शबर म्हणतो, नाही. सूत्रात ‘अर्थ’ हा शब्द घातलाय तो अशा अनर्थकारक गोष्टी वगळण्यासाठीच. तो अनर्थ का? कारण ती हिंसा आहे. इथे वाचताना वाटते, आता मीमांसक आज्ञेपलीकडची कसोटी लावणार. पण शबर लगेच पुढे म्हणतो, आणि हिंसा निषिद्ध आहे. म्हणजे हिंसेचे वाईटपण पुन्हा वेदाच्याच निषेधावर टेकवले. मग वेदाने वाईट गोष्ट करायला सांगितलीच कशी, यावर त्याचे उत्तर असे की वेद ती करा म्हणत नाही. ज्याला शत्रूला मारायचेच आहे त्याला फक्त उपाय सांगतो.

मला या उत्तरात एक अस्वस्थता दिसते. दोन वेदवाक्ये समोर आहेत, एक विधी सांगणारे आणि एक हिंसा नको म्हणणारे. त्यातले दुसरे खरे बंधनकारक आणि पहिले नुसते माहिती देणारे, असा निवाडा शबर करतो. त्यासाठी तो वाक्यरचनेचा आधार घेतो: फळाची इच्छा माणसाची, वेद फक्त साधन दाखवतो. पण स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने अमुक यज्ञ करावा, याही वाक्याची रचना तशीच आहे, आणि तो यज्ञ मात्र धर्म ठरतो. दोघांत फरक उरतो तो फळाचा. एकाच्या फळात कोणीतरी मरते. तो फरक शबराला आधी जाणवला आणि वाक्याचा अर्थ त्याने त्यानंतर लावला, असे मला वाटते. मीमांसेचा एखादा अभ्यासक यावर माझ्याशी भांडेल आणि त्याच्याकडे व्याकरणाची चांगली हत्यारे असतील.

प्लेटोच्या संवादात युथिफ्रो पुढे आणखी दोन-तीन व्याख्या करून पाहतो. देवांची सेवा म्हणजे पुण्य, देवाणघेवाण म्हणजे पुण्य. फिरून गाडी ‘देवांना आवडते ते’ याच जागी येते. सॉक्रेटिस म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून पाहू. युथिफ्रोला एकदम घाईचे काम आठवते आणि तो निघून जातो. त्याने खटला पुढे चालवला की नाही, हे प्लेटो सांगत नाही.

मी हा संवाद वाचतो तेव्हा माझे मन मात्र नॅक्सॉसच्या त्या चरापाशी जाते. मालकाने माणूस पाठवला होता तो धर्माचा शब्द आणायला, आणि शब्द येईपर्यंत पाणी द्यायचे की नाही हा प्रश्न त्याला पडला नाही. समुद्र ओलांडून अथेन्सला जायचे, अधिकाऱ्याला गाठायचे, परत यायचे, यात दिवस गेले. त्या माणसाने शेवटी काय निरोप आणला, तेही संवादात कुठे आलेले नाही.